तांबूची फेरी

रक्ताच्या थेंबाची गोष्ट सांगायला बसलं की पहिलीच अडचण येते. शरीरात थेंब असतो कुठे? रक्त वाहत असतं तोवर त्यात थेंब नसतात. थेंब होतो तो बाहेर पडल्यावर. आत हृदयाचा एक ठोका पडतो आणि आत्ता एकमेकींना चिकटून असलेल्या दोन पेशींपैकी एक मेंदूकडे जाते, दुसरी पायाच्या अंगठ्याकडे. पुन्हा त्या शेजारी येतील याची काही खात्री नसते. मुलांच्या पुस्तकांत एक गोल, हसरा लाल थेंब शरीरभर फिरून सुखरूप घरी येतो. तसा कुठलाच थेंब फिरत नाही. मुलांना गोष्ट सांगावी, पण ती खरी असावी, आणि खरी गोष्ट जास्त रंगते. त्यासाठी थेंबातली एक तांबडी पेशी पकडायची आणि तिच्या मागे जायचं. तिला आपण तांबू म्हणू.

तांबू राहते कल्याणच्या एका दहा वर्षांच्या मुलीच्या अंगात. मुलीचं वजन तीस किलो. एवढ्या मुलीच्या अंगात साधारण सव्वादोन लिटर रक्त असतं, म्हणजे बाहेर काढून मोजलं तर पंचेचाळीस हजार थेंब. त्यातल्या एकाच थेंबात तांबूसारख्या बावीस-तेवीस कोटी पेशी असतात. त्याच थेंबात कोटभर प्लेटलेट असतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तबिंबिका म्हणतात. पांढऱ्या पेशी मात्र तीन-चार लाखच. आणि या सगळ्या ज्यात तरंगतात तो पिवळसर द्रव, प्लाझ्मा, थेंबाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग व्यापतो. तांबूचे मदतनीस म्हणजे हेच सगळे. ते बाहेरून कुठून येत नाहीत, थेंबातच तिच्यासोबत फिरत असतात.

तांबू दिसायला कशी? मधे दोन्ही बाजूंनी दबलेली चकती. रुंदी मिलिमीटरच्या सव्वाशेव्या भागाएवढी. शरीरातल्या बहुतेक पेशींना केंद्रक असतं, तिला नाही. हाडांच्या आतल्या मज्जेत ती तयार झाली तेव्हा होतं, पण रक्तात उतरण्याआधीच तिने ते बाहेर टाकलं. का, तर आत जागा हवी. त्या जागेत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू बसले आहेत आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू धरू शकतो. एकट्या तांबूच्या पोटात शंभर कोटींहून जास्त ऑक्सिजन रेणूंची सोय आहे. केंद्रक टाकण्याची किंमतही आहे. तिला नवीन काही बनवता येत नाही, मोडलेलं दुरुस्त करता येत नाही. जन्मताना जे सोबत आणलं त्यावर एकशेवीस दिवस काढायचे.

संध्याकाळचे सहा वाजलेत. सुभाष मैदानावर मुली पकडापकडी खेळताहेत आणि आपली मुलगी जिवाच्या आकांताने धावतेय. तांबू हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात आहे. ऑक्सिजनने भरलेली, लालभडक. हृदय आवळतं आणि ती महाधमनीत फेकली जाते. पोटातून खाली, मांडीत, गुडघ्याजवळ, धमनीच्या फांद्या फुटत जातात आणि प्रत्येक फांदी आधीपेक्षा बारीक. धमनीत वेग असतो, पण शेवटच्या केशवाहिनीत पोचली की तांबू जवळजवळ रेंगाळते, सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरकत नाही. एका नळीचं पाणी हजारो बारीक नळ्यांत वाटलं की प्रत्येकीतला वेग पडतो, तसंच हे. आणि हे रेंगाळणंच कामाचं आहे. देवाणघेवाणीला वेळ लागतो.

स्नायूतली केशवाहिनी तांबूपेक्षा अरुंद असते. चकतीला सरळ जाता येत नाही. ती दुमडते, घंटेच्या आकाराची होते आणि भिंतीला अंग घासत, एकामागे एक रांगेत पुढे जाते. भिंत एका पेशीएवढीच जाड. पलीकडे मांडीचा स्नायू ऑक्सिजनसाठी आसुसलेला.

आता प्रश्न असा की तांबूला कळतं कसं, ऑक्सिजन इथे सोडायचा? तिला मेंदू नाही, डोळे नाहीत. उत्तर हिमोग्लोबिनच्या घडणीत आहे. काम करणारा स्नायू तापतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, थोडी आम्लताही वाढते. या तिन्ही गोष्टींनी हिमोग्लोबिनची पकड सैल होते. जिथे स्नायू जास्त राबतो तिथे पकड जास्त सुटते, म्हणून जिथे गरज तिथे ऑक्सिजन जास्त पडतो. यातला कार्बन डायऑक्साइडचा परिणाम कोपनहेगनच्या क्रिस्तियान बोर यांनी 1904 मध्ये दाखवून दिला. अणूची रचना सांगणारे नील्स बोर त्यांचेच चिरंजीव. मुलगी शांत बसलेली असताना तांबू तिच्याकडच्या ऑक्सिजनपैकी जेमतेम चौथा हिस्सा देते, बाकीचा तसाच परत नेते. धावताना मांडीच्या स्नायूत तीच तांबू निम्म्याहून कितीतरी जास्त देऊन टाकते. चालता चालता धावायला लागलं की लगेच दम लागून खाली बसावं लागत नाही, त्यात या शिल्लक तीन हिश्शांचा मोठा वाटा आहे.

स्नायूतला कार्बन डायऑक्साइड कोण उचलतं? बहुतेक मुलं सांगतात, तांबडी पेशी. अर्धं बरोबर आहे. तांबूकडे एक विकर आहे, ते त्या वायूचं पाण्यात विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करतं. पण तयार झालेलं बायकार्बोनेट ती स्वतःजवळ ठेवत नाही, प्लाझ्मात सोडते. फुप्फुसापर्यंतचं ओझं मुख्यतः प्लाझ्मा वाहतो. चित्रांत प्लाझ्मा नुसता पिवळा रंग भरून सोडून देतात, म्हणून त्याचं काम मुलांच्या लक्षातच येत नाही. साखर तोच नेतो, क्षार तोच नेतो, गुडघा फुटल्यावर रक्त थांबवणारी प्रथिनंही त्याच्यातच विरघळलेली असतात.

ऑक्सिजन दिलेली तांबू आता गडद लाल दिसते. निळी नव्हे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत शिरा निळ्या रंगवतात ती ओळखण्याची सोय आहे. मनगटावरची शीर निळसर भासते ती त्वचेतून प्रकाश कसा परततो त्यामुळे. सुईने रक्त काढताना नळीत बघा, मरून रंगाचं असतं.

परतीचा रस्ता वेगळा. कल्याण स्टेशनावरून गाडी कसाऱ्याला गेली काय किंवा कर्जतला, त्याच मार्गाच्या शेजारच्या रुळावरून ती उलट येते, आणि कुठल्यातरी स्थानकात दिशा बदलते. रक्त दिशा कधीच बदलत नाही. धमनीतून आलेली तांबू केशवाहिनीतून सरळ पुढे शिरेत जाते आणि फिरून हृदयाच्या उजव्या बाजूला पोचते. पायातून वर चढायचं तर हृदयाचा जोर तोवर जवळपास संपलेला असतो. इथे पोटरीचे स्नायू कामाला येतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर दाबली जाते आणि रक्त वर सरकतं. खाली का येत नाही? शिरांमध्ये जागोजागी पातळ झडपा आहेत, त्या वरच्या दिशेनेच उघडतात.

या झडपा घरच्या घरी दिसतात. आजोबांना विचारून त्यांचा हात खाली सोडायला सांगा. हाताच्या मागच्या बाजूची किंवा कोपराखालची एखादी फुगलेली, सरळ शीर निवडा. एका बोटाने ती मनगटाच्या बाजूला दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त पुसत न्या आणि ते दुसरं बोट उचला. शीर वरून थोडी भरते, पण एका जागी येऊन थांबते. त्या जागेच्या खाली ती सपाटच राहते. थांबलं तिथे झडप आहे. आता मनगटाजवळचं बोट सोडा, शीर खालून क्षणात भरून येईल.

लंडनच्या विल्यम हार्वीने हाच प्रयोग 1628 सालच्या त्याच्या पुस्तकात चित्रांसह छापला. त्याआधी वैद्य मानत की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयव ते वापरून संपवतात. हार्वीने हिशेब मांडला: एका ठोक्याला थोडंसंच रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारं रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरतं. एवढं रक्त रोज नव्याने तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. पण धमनीतून शिरेत ते जातं कसं, हे त्याला दिसलं नाही. तो 1657 मध्ये गेला. चार वर्षांनी इटलीच्या मार्चेलो माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या आणि हार्वीच्या वर्तुळातली राहिलेली फट भरली.

तांबू हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जाते. मुलगी बसलेली असेल तर फुप्फुसाच्या केशवाहिनीत तिला पाऊण सेकंद मिळतो. पहिल्या पाव सेकंदातच ती ऑक्सिजनने भरते, उरलेला अर्धा सेकंद हातचा. मुलगी धावत असेल तेव्हा रक्त भराभर निघून जातं, तरी तांबू भरूनच बाहेर पडते, ती या हातच्या वेळामुळे. मग डावी बाजू आणि पुन्हा महाधमनी. दहा वर्षांच्या मुलीचं हृदय मिनिटाला नव्वदएक ठोके टाकतं आणि दर ठोक्याला पस्तीस-चाळीस मिलिलिटर रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला सव्वातीन लिटरच्या आसपास. अंगातलं सव्वादोन लिटर रक्त एकदा फिरायला चाळीसएक सेकंद पुरतात. धावताना त्याच्या निम्म्याहून कमी.

आणि तेवढ्यात मुलगी पडते. दगडाला पाय अडखळला, डावा गुडघा खरवडला गेला.

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून नुसतं खरचटलं तर पांढरी रेघ उमटते, रक्त येत नाही. इथे खरवड खालच्या थरापर्यंत गेली आहे आणि तिथल्या केशवाहिन्या फाटल्या आहेत. तांबूच्या पुढे असलेल्या कोट्यवधी तांबड्या पेशी मैदानाच्या मातीत गेल्या. काही आतल्या आत, त्वचेखाली सांडल्या. तांबू नशिबाने शेजारच्या फांदीत वळली.

रक्त थांबवण्याचं काम प्लेटलेटांचं. एरवी त्या गुळगुळीत भिंतीजवळून सरकत असतात आणि कशालाही चिकटत नाहीत. भिंत फाटली की तिच्यामागचे कोलॅजेनचे धागे उघडे पडतात. प्लाझ्मातलं एक प्रथिन त्या धाग्यांना चिकटतं आणि प्लेटलेट त्या प्रथिनाला. चिकटली की तिचा आकार बदलतो, अंगातून बोटांसारखी टोकं बाहेर येतात आणि ती रसायनं सोडून आजूबाजूच्या प्लेटलेटांना बोलावते. काही सेकंदांत फाटक्या तोंडावर त्यांचा बोळा बसायला लागतो. पण हा बोळा कच्चा असतो, धक्का लागला तर निघून येईल. तो पक्का करायला प्लाझ्मातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी फायब्रिनचे चिवट धागे तयार होऊन बोळ्याभोवती जाळं विणलं जातं. ही प्रथिनं यकृतात बनतात आणि त्यांतल्या काहींना जीवनसत्त्व 'के' लागतं. जाळ्यात तांबूच्या काही बहिणी अडकतात, म्हणून खपली लालसर तपकिरी दिसते. खरवडलेल्या गुडघ्याचं रक्त सहसा पाच-सात मिनिटांत थांबतं.

घरी पोचल्यावर काय झालं ते ऐका.

"अगं, हळद कुठेय? आधी हळद भर गुडघ्यात," आजी म्हणाली.

"आई, थांबा जरा. आधी धुऊन घेते. त्यात मैदानाची माती आहे," मुलीची आई म्हणाली.

आईचं बरोबर आहे. नळाच्या वाहत्या पाण्याने आणि साबणाने गुडघा धुवायचा, स्वच्छ कापड ठेवून दाबून धरायचं आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. बघितलं की कच्चा बोळा कापडाला चिकटून निघतो आणि रक्त पुन्हा सुरू होतं. हळद, टूथपेस्ट, राख, चहापावडर यांतलं काहीही उघड्या जखमेत भरू नये. रक्त त्यांच्यामुळे थांबत नाही, आणि भुकटीचे कण मात्र आत अडकतात. पांढऱ्या पेशींना मग जंतूंसोबत ते कणही आवरावे लागतात. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. सरकारी लसीकरणात धनुर्वाताची लस पाच-सहाव्या वर्षी, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. दहाव्या वर्षाची राहिली असेल तर गुडघा फुटण्याची वाट बघू नये. आणि दहा-पंधरा मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं.

पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीत डेंग्यू येतो आणि प्लेटलेट हा शब्द घराघरांत ऐकू येतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्या पन्नासाव्या भागात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असणं नेहमीचं. लाखावर आल्या तरी खरवडलेल्या गुडघ्याचं रक्त नेहमीसारखंच थांबतं. फारच कमी झाल्या की त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. काचेच्या पेल्याने दाबले तरी ते फिके पडत नाहीत, कारण तिथे रक्त वाहिनीच्या बाहेर आलेलं असतं. पण डेंग्यूत नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसणं चूक आहे. खरा धोका भिंतीतून प्लाझ्मा झिरपण्याचा असतो आणि तो बऱ्याचदा ताप उतरत असतानाच येतो. तेव्हा पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल सुस्तावणं यांतलं काही दिसलं, तर आकडा बरा असला तरी रुग्णालय गाठायचं.

गुडघ्याकडे परत येऊ. रक्त थांबल्यावर पांढऱ्या पेशींची पाळी. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी भिंतीला चिकटून सरकतात आणि दोन पेशींच्या फटीतून स्वतःला दाबत वाहिनीच्या बाहेर पडतात. तांबूला हे कधीच जमत नाही. काही तासांत जखमेत त्यांची गर्दी होते. त्या जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे बऱ्याच अंशी या मेलेल्या पांढऱ्या पेशी. दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज येतात, त्या आकाराने मोठ्या, सगळा कचरा गिळून साफ करतात. त्यांच्या मागोमाग कडेच्या त्वचेच्या पेशी खपलीखालून मध्याकडे सरकू लागतात. खपली ओढून काढली तर त्या सरकणाऱ्या पेशीही सोबत निघतात आणि काम पहिल्यापासून सुरू होतं.

खरवडलेल्या जागेच्या बाजूला मुक्का मार बसला होता, तिथे काळंनिळं झालं आहे. त्वचेखाली सांडलेल्या तांबड्या पेशी इथे आहेत. हा डाग रोज बघण्यासारखा असतो. पहिल्या दोन दिवसांत जांभळा-काळा. मग मॅक्रोफेज त्या पेशी फोडून हिमोग्लोबिन मोडायला लागतात आणि त्यातला एक तुकडा हिरव्या रंगद्रव्यात बदलतो, म्हणून डागाच्या कडेला हिरवट छटा येते. हिरव्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन होतं आणि डाग पिवळा पडून नाहीसा होतो. शरीराच्या आत रोज जे गुपचूप चालतं, ते इथे त्वचेवर डोळ्यांनी दिसतं.

कारण तांबूचंही शेवटी हेच होणार आहे. जवळजवळ चार महिने फिरून झाल्यावर तिची कातडी कडक होते, ती पूर्वीसारखी दुमडत नाही. पोटात डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, जुनी माणसं तिला पाणथरी म्हणत. तिच्यात रक्ताला एक-दोन मायक्रोमीटरच्या फटींतून जावं लागतं, म्हणजे तांबूच्या रुंदीच्या चौथ्या ते आठव्या हिश्शाएवढ्या जागेतून. तरुण पेशी लांबट होऊन पलीकडे जाते. म्हातारी अडकते आणि तिथले मॅक्रोफेज तिला गिळतात. यकृतातही काही संपतात. हिमोग्लोबिनपासून झालेलं बिलिरुबिन यकृतातून पित्तात आणि पित्तातून आतड्यात जातं, शौचाचा तपकिरी रंग त्यातूनच येतो. लोह मात्र जवळजवळ वाया जात नाही. प्लाझ्मातलं एक प्रथिन ते उचलून हाडांच्या मज्जेत नेतं आणि तिथे त्यातून नवी तांबू तयार होते. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह असं फिरतं. जेवणातून मिळणारं लोह रोजचं एक-दोन मिलिग्रॅम, तेवढंच शरीरातून कमी होत असतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. तांबूच्या गोष्टीतली ही एक बाब कल्याणच्या शेजारी रोज जाणवते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. 1949 मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, तरी भाग अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असेच ओळखले जातात. सिंधी समाजात थॅलेसेमिया या रक्तातल्या दोषाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहेत. सरासरी शंभरात तीन-चार आहे, आणि वाहक कुठल्याही समाजात सापडतात, मराठी घरांतही. वाहक असणं हा आजार नाही. हिवताप असलेल्या प्रदेशांत वाहकांना त्यापासून थोडं संरक्षण मिळालं आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हा दोष टिकून राहिला, असं शास्त्रज्ञ मानतात.

दोष नेमका काय? हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा साखळ्या आणि दोन बीटा साखळ्या असतात. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेला बीटा जनुक मिळाला तर बीटा साखळी बनत नाही किंवा फार थोडी बनते. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात आणि बहुतेक पेशी मज्जेतच मरतात, रक्तात उतरतच नाहीत. बाळ जन्मतः चांगलं असतं, कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनला बीटा साखळी लागतच नाही. सहाव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत बाळ पांढरटत जातं, दूध नीट पीत नाही, पोट वाढतं कारण प्लीहा सुजते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्यांच्या तांबड्या पेशी द्याव्या लागतात, जन्मभर.

त्या येतात रक्तदात्याकडून. पंचेचाळीस किलोच्या वरच्या माणसाकडून साडेतीनशे मिलिलिटर रक्त घेतात आणि यंत्रात गरगरा फिरवून वेगळं करतात. तांबड्या पेशी दोन ते सहा अंशांवर सहा आठवडे राहतात, प्लेटलेट खोलीच्या तापमानाला सतत हलवत ठेवूनही पाचच दिवस. पिशवी मुलाला लावण्याआधी गट जुळवून बघतात. ए, बी, ओ हे गट म्हणजे तांबूच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्या. त्यांचा पाया 'एच' नावाची साखळी, ती ओ गटाच्या माणसातही असते. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोक नोंदवले ज्यांच्या पेशींवर ती एच साखळीच नव्हती. नेहमीच्या तपासणीत ते ओ गटाचे वाटत, पण ओ रक्तही त्यांना चालत नाही. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव जगभर गेलं ते तिथून. मुंबईत दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा असतो आणि त्याला त्याच गटाचं रक्त लागतं.

आता लोहाचा हिशेब. एका पिशवीत दोनशेएक मिलिग्रॅम लोह असतं. दिलेल्या पेशी म्हाताऱ्या होऊन प्लीहेत मोडतात आणि ते लोह अंगातच राहतं. दिवसाला एखाद-दुसऱ्या मिलिग्रॅमची घट धरली, तर एका पिशवीचं लोह संपायला तीन-चार महिने ते अर्धं वर्ष लागेल, आणि पुढची पिशवी महिन्याच्या आतच येते. साचलेलं लोह यकृतात, हृदयात, शरीराची वाढ सांभाळणाऱ्या ग्रंथींत बसतं. म्हणून या मुलांना लोह पकडून बाहेर काढणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि फेरिटिनची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. फेरिटिन हजाराच्या वर जात राहिलं तर लोह साचतंय असं समजायचं. रक्त वेळेवर मिळतं म्हणून गोळ्यांकडे दुर्लक्ष झालं, तर पुढे हृदयाला त्रास होतो. रक्ताइतकीच ती गोळी महत्त्वाची आहे, आणि किशोरवयात नेमकी तीच चुकवली जाते.

वाहक ओळखायचा कसा? तो तंदुरुस्त असतो, त्याच्या थेंबात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान आणि फिक्या असतात, पण संख्येने कमी नसतात, उलट बऱ्याचदा जास्त असतात. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान होतात, पण तिथे त्यांची संख्याही घटते. सीबीसीच्या कागदावर हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. पेशी लहान आणि संख्या भरपूर असं दिसलं की डॉक्टर एचबीए-टू ही तपासणी सांगतात. तो आकडा साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की बहुधा वाहक. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते, लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच. दोघांपैकी एकच वाहक असेल तर बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे वर सांगितलेला जन्मभराचा आजार, होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते, आणि पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याच्या वेळी ती शक्यता कमी होत नाही. तेव्हा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची तपासणी करून घेता येते.